१६४ गुण असून निकाल ६५ कसा?

निकाल लावून तासभरही झाला नव्हता, तोच एक मुलगा कागद घेऊन आला. "सर, प्रकल्प आणि स्वाध्यायांचे १५० पैकी १२०, परीक्षेचे ८० पैकी ४४. बेरीज २३० पैकी १६४, म्हणजे ७१ टक्के. तुम्ही ६५ लावलेत."

त्याची बेरीज बरोबर होती, निकालही बरोबर होता. वर्षभराच्या कामाला ४० आणि अंतिम परीक्षेला ६० टक्के भारांश, हे मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं होतं. पण सरळ बेरीज केली की २३० पैकी १५० गुण वर्षभराच्या कामाचे होतात, म्हणजे त्याचं वजन ४० वरून ६५ टक्क्यांवर जातं. भारांश तेव्हा फक्त फळ्यावरच उरतो. म्हणून आधी प्रत्येक भाग आपापल्या वजनावर आणायचा: १२० चे ३२, ४४ चे ३३, मग बेरीज ६५.

त्याला हे सांगितलं, तरी चेहऱ्यावरची शंका जाईना. मग म्हटलं, "परीक्षेतला एक गुण निकालात पाऊण गुण होतो, वर्षभराच्या कामातला जेमतेम पाव." ६० भागिले ८०, आणि ४० भागिले १५०. आता त्याला पटलं. टक्केवारीपेक्षा 'एक गुण किती मोलाचा' हे मुलांना चटकन कळतं, असं माझं मत तेव्हापासून पक्कं झालं.

त्या संध्याकाळी सगळी यादी पुन्हा तपासली, आणि खरी चूक तेव्हा सापडली. ती माझीच होती. एका मुलीला १५० पैकी ७३ आणि ८० पैकी २७ होते. रूपांतर केल्यावर १९.४७ आणि २०.२५. मी दोन्ही आकडे आधीच पूर्णांकात आणले होते, १९ आणि २०, म्हणून ३९. उत्तीर्ण व्हायला ४० हवेत. पण आधी बेरीज केली तर ३९.७२, म्हणजे ४०. दोन ठिकाणी थोडंथोडं कापल्याने ती नापास ठरली होती. त्याच रात्री तिला कळवलं, दुसऱ्या दिवशी निकाल दुरुस्त केला. आता सूत्र एकच, आणि पूर्णांक फक्त शेवटी:

```
=ROUND(B2/150*40 + C2/80*60, 0)
```

यातही एक खाच आहे. गुणांची चौकट रिकामी राहिली तर ती गुपचूप शून्य धरली जाते. 'गैरहजर' असं लिहिलं तर मात्र #VALUE! दिसतं आणि आपण थांबतो. म्हणून मी रिकामी चौकट ठेवतच नाही.

आता परीक्षेच्या आठवडाभर आधी प्रत्येकाला त्याच्या कामाचे रूपांतरित गुण आणि 'परीक्षेतला एक गुण = ०.७५' एवढं लिहून देतो. यंदा ७३ गुणांच्याच एका मुलाने स्वतः मांडणी करून दाखवली: "सर, मला पास व्हायला ८० पैकी २७ लागतील, २६ पुरणार नाहीत."