आईची चक्कर आणि माझा सारांश

"आईला डॉक्टरांची भाषा येत नाही म्हणून मी सोबत जाते. पण बाहेर आल्यावर ती म्हणते, 'मी असं म्हटलंच नव्हतं.' तुम्ही तुमच्या आईचं बोलणं नेमकं कसं पोचवता?"

माझ्याही आईने मला हेच ऐकवलं होतं, आणि ते बरोबर होतं. तिला चक्कर येत होती. डॉक्टरांना इंग्रजीच येत होतं, त्यामुळे मी त्यांना एका शब्दात सांगून टाकलं, "डिझी". त्यांनी विचारलं, खोली गरगर फिरल्यासारखी वाटते का? मी आईकडे न बघताच हो म्हणाले. चक्कर म्हणजे फिरणंच की! तिला गरगरण्यावरची गोळी मिळाली. ती घेऊन आई दिवसभर पेंगायची, आणि चक्कर होती तशीच राहिली.

घरी तिला नीट विचारलं तेव्हा कळलं की काही फिरत नव्हतं. पलंगावरून उठून उभी राहिली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. आपल्या "चक्कर" या एका शब्दात तीन वेगळ्या तक्रारी मावतात. घर फिरतं ती एक, अंधारी येऊन आता पडेन असं वाटतं ती दुसरी आणि चालताना नुसता तोल जातो ती तिसरी. पहिलीत बऱ्याचदा आतल्या कानाचा दोष निघतो, दुसरीत रक्तदाब बघावा लागतो, तिसरीत पाय, नसा, मेंदू. तेव्हा गाळलेला एक शब्द तपासणीची दिशाच बदलतो.

पुढच्या वेळी जायच्या आधी मी आईला घरीच दोन गोष्टी सांगितल्या. तू जे बोलशील ते सगळं मी सांगणार, "हे त्यांना सांगू नकोस" हेसुद्धा. आणि मी गुडघ्याला हात लावला की थांबायचं, एक वाक्य पोचू द्यायचं, मग पुढचं. डॉक्टरांनाही आत गेल्या गेल्या सांगितलं, की मी "मी" म्हणेन तेव्हा ती आई बोलत असेल, माझं काही असलं तर "मुलगी म्हणून सांगते" असं म्हणून सांगेन. "ती म्हणते की तिला..." अशी सुरुवात केली की माणूस नकळत सारांशाकडे घसरतो. "मला अंधारी येते" असं तिच्याच तोंडून बोललं की वाक्य तिच्या मापाचं राहतं. धंदेवाईक दुभाषेही असंच बोलतात. खुर्ची मी तिच्या बाजूला, जरा मागे ओढून घेतली, म्हणजे डॉक्टर माझ्याशी नाही, तिच्याशी बोलतात. (कान अधू असेल तर चांगल्या कानाकडे बसा.)

आता ती भेट जशी झाली तशी सांगते. आई म्हणाली, "परवा सकाळी उठले नि चक्कर आली." इथे मी थांबले. आपला "परवा" म्हणजे कालच्या आदला दिवस, पण आई चार-पाच दिवसांपूर्वीच्या गोष्टीलाही परवाच म्हणते. आणि "उठले" म्हणजे जागी झाले की उभी राहिले? अशा वेळी आईशी मराठीत कुजबुजत बसू नये, डॉक्टरांना वाटतं आपण काही लपवतोय. मी त्यांना म्हणाले, "या दोन शब्दांचे आमच्याकडे दोन-दोन अर्थ होतात, तिला विचारून घेते." मग तिला विचारलं. वार मंगळवार, आणि उठले म्हणजे पलंगावरून उभी राहिले. चक्करेचं त्यांनीच विचारलं, नेमकं काय होतं? आई म्हणाली, "डोळ्यांपुढे काळं येतं, जरा बसलं की जातं." मी तेवढंच सांगितलं, "काळं" ला "ब्लॅकआउट" केलं नाही. ब्लॅकआउट म्हटलं की डॉक्टर शुद्ध हरपली असं समजू शकतात, आणि तिची शुद्ध गेली नव्हती.

पुढे ती म्हणाली, "जेवणही जात नाही हल्ली." हे वाक्य मला सगळ्यात फसवं वाटतं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ भूक नाही एवढाच असतो, पण घास घशाखाली उतरत नसेल तरी माणूस हेच शब्द वापरतो, आणि ती तक्रार फार वेगळी. विचारलं, तर भूकच नव्हती.

मग डॉक्टरांनी एका दमात विचारलं, छातीत दुखतं का, धडधडतं का, कधी पडलात का? मी एकेक प्रश्न करून विचारायची विनंती केली. तीन प्रश्नांना एक "नाही" आलं तर ते कुठल्या प्रश्नाचं, हे कोणालाच कळत नाही. त्यातही उलटा प्रश्न आला की गंमत. "छातीत दुखत नाही ना?" यावर आई म्हणाली, "हो." म्हणजे हो, दुखत नाही. हा "हो" इंग्रजीत "येस" करून दिला असता तर आईला छातीत दुखतंय अशी नोंद झाली असती. म्हणून नुसतं हो-नाही मी कधीच पोचवत नाही, पूर्ण वाक्य सांगते, "छातीत दुखत नाही."

शेवटी ती म्हणाली, "तसं बरंच आहे म्हणा, वयच झालं." हे मला गाळावंसं वाटत होतं. गाळलं नाही, ते तिचं वाक्य आहे. त्यानंतर वेगळं सांगितलं, "मुलगी म्हणून सांगते, मंगळवारपासून ती भिंतीला धरून चालते आहे." डॉक्टरांना दोन्ही मिळालं, कोणी काय म्हटलं ते कळलं.

त्यांनी आईला पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब घेतला, 148/82. उभं करून पुन्हा घेतला, 118/70. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा किमान 20 ने किंवा खालचा किमान 10 ने उतरला तर तो दोष धरतात, असं त्यांनी सांगितलं. आईचे दोन्ही उतरले होते. गरगरण्यावरची गोळी बंद झाली आणि रक्तदाबाची कमी केली.

औषध सांगताना मी आणखी एक करते. "अर्धी गोळी, दिवसातून एकदा" हे आईला सांगितल्यावर तिलाच विचारते, आता घरी काय करशील? त्या दिवशी ती म्हणाली, "अर्धी सकाळी, अर्धी रात्री." एकदाचं दोनदा झालं होतं. ती जे म्हणाली ते जसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी पुन्हा समजावलं आणि कागदावर वेळेसमोर गोळीचं चित्र काढून दिलं.

एक काम मात्र मी घेत नाही. शस्त्रक्रियेच्या संमतीचा कागद किंवा वाईट निदान असेल, तर दवाखान्याकडे दुसरा दुभाषी मागते, फोनवरचा चालतो. आईला काही लागेल असं ऐकलं की माझं वाक्य आपोआप मऊ होतं, हे मी स्वतःला करताना पकडलंय. काही गोष्टी तिला माझ्यासमोर बोलायच्याही नसतात. तेव्हा मी बाहेर बसते.