अंगणात उभी राहून

दादा गेला तो मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. अवकाळीचं आभाळ भरून आलं, म्हणून कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाकायला तो शेतात गेला आणि वीज पडली. पंचनाम्याला आलेला माणूस कागद भरता भरता म्हणाला, "हे दैवी आपत्तीत बसतं, ताई. चार लाख मिळतात."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे शब्द जरा जास्तच टोचतात. गळ्यात माळ, बावीस वर्षांत एकही वारी चुकलेली नाही, एकादशीला पाण्यावर राहणारा माणूस. आणि त्याला ज्याने मारलं त्याचं कागदावरचं नाव 'दैवी'. बरं झालं, एकदाचं नाव तरी खरं लिहिलं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

तेरावं झाल्यावर आई म्हणाली, "त्याची वारी खंडू द्यायची नाही. तू जा."

"मी देवाशी बोलत नाही सध्या," मी म्हणाले.

"तर नको बोलूस. चाल."

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून नाथांची पालखी निघते. तिथून पंढरपूर अठरा-एकोणीस दिवस. दादाचे टाळ पिशवीत घालून मी त्याच्या दिंडीत उभी राहिले. विणेकऱ्यांनी काही विचारलं नाही, फक्त त्याची जागा दाखवली. पहिले चार दिवस मी टाळ वाजवला आणि तोंड मिटून चालले. संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला की 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी' या पहिल्याच ओळीला घसा आवळायचा. रडू नव्हे, संताप. ज्याच्या दारात दादा बावीस वर्षं उभा राहिला, त्याने काय केलं?

माझ्या बाजूला डोक्यावर तुळस घेतलेली एक सत्तरीची आक्का होती. रायमोह्याच्या मुक्कामाला आम्ही शाळेच्या वर्गात सतरंजी टाकली. (स्वतःच्या नसलेल्या शाळेत बाकांखाली झोपायला मजा येते, फळ्यावरच्या शुद्धलेखनाच्या चुका मात्र झोपू देत नाहीत.) पाय चोळता चोळता आक्का म्हणाली, "चार दिस झाले, बघायलेय मी. तोंडातून नाव निघंना तुझ्या."

मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, ती 'देवाची मर्जी' म्हणेल. ती म्हणाली, "मग शिव्या दे की! माझं म्हायेर गंगाखेडचं, जनीच्या गावचं. आमची जनी कशी द्यायची?" आणि वर्गातल्या चार-पाच बायकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिने सुरू केलं:

अरे विठ्या विठ्या । मूळ मायेच्या कारट्या ॥
तुझी रांड रंडकी झाली । जन्मसावित्री चुडा ल्याली ॥
तुझे गेले मढे । तुला पाहून काळ रडे ॥
उभी राहूनि आंगणी । शिव्या देत दासी जनी ॥

हा अभंग मला पाठ होता. पण पाठ असणं वेगळं आणि अंधाऱ्या वर्गात एका म्हातारीच्या तोंडून ऐकणं वेगळं. 'मढं गेलं तुझं' ही आमच्याकडे आजही नळावरच्या भांडणात ऐकू येणारी शिवी आहे. जनाबाईने देवासाठी वेगळी, सोवळी भाषा शोधली नाही. दळता-कांडताना तोंडात होती तीच त्याच्या अंगावर फेकली.

दोन दिवसांनी पाटोद्याकडच्या वाटेवर रात्रीच्या कीर्तनात महाराजांनी नेमका हाच अभंग दाखल्याला घेतला. त्यांनी अर्थ लावला तो असा: 'मूळ माया' म्हणजे जग निर्माण करणारी आदिमाया, तिचा तू पोर. तुझी बायको विधवा झाली म्हणावं, तर तिच्या हातात जन्मसावित्रीचा, कधी न फुटणारा चुडा. म्हणजे शिवी एका ओळीत दिली आणि दुसऱ्या ओळीत तीच उलटली. जो मरतच नाही त्याला मढं म्हटलं तरी लागणार कुठे? हा प्रेमकलह आहे, महाराज म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

अर्थ सुंदर होता. मला तो पटला नाही. कीर्तन संपल्यावर महाराज दूध घेत बसले होते, तिथे गेले. म्हटलं, "महाराज, प्रेमकलहाला दोघं लागतात. इथे एकच जण भांडतंय. आणि शिवी लागतच नसेल, तर ती द्यायची तरी कशाला?"

मला वाटलं होतं, ते 'श्रद्धा ठेवा' म्हणून वाटेला लावतील. त्यांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, "नारदभक्तिसूत्रात एक सूत्र आहे, ताई. सगळं त्याला अर्पण केलं की मग 'कामक्रोधाभिमानादिकं तस्मिन्नेव करणीयम्.' काम, क्रोध, अभिमान, जे काही असेल ते त्याच्याच ठायी करावं. यातला 'एव' महत्त्वाचा. त्याच्याच. क्रोध येऊ देऊ नका असं नारद म्हणत नाहीत. तो दुसरीकडे नेऊ नका, एवढंच." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुमचा कुठे जातोय?"

मी उत्तर दिलं नाही, पण उत्तर मला ठाऊक होतं. दहाव्याच्या दिवशी भरल्या घरात मी वहिनीला म्हणाले होते, "आभाळ दिसत नव्हतं तुला? कशाला जाऊ दिलंस त्याला?" त्यानंतर आम्ही बोललो नव्हतो. देवाशी अबोला धरला असं मी सगळ्यांना सांगत होते; प्रत्यक्षात धरला होता तो तिच्याशी.

दुसऱ्या दिवशी वाटेत एक चाचा वारकऱ्यांना चहा वाटत होते. दर वर्षी वाटतात म्हणे. दादाला ते ओळखत होते. तो गेल्याचं ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्यात याकूब पैगंबरांची गोष्ट हाय, बाई. यूसुफ हरवला तवा रडून रडून डोळे पांढरे झाले त्यांचे. बाकीची पोरं म्हणायली, किती दिवस तेच घेऊन बसता? तवा ते म्हणाले, माझं दुखणं मी अल्लाहकडंच मांडायलोय, तुमच्याकडं नाही. कुराणात हाय हे."

"म्हणजे तक्रार चालते?"

"त्याच्याकडं केलेली चालते. त्याची तक्रार गावभर करत हिंडणं, ते निराळं."

पुढचे दोन दिवस बालाघाटाचे चढ-उतार चालताना मी डोक्यात व्याकरण घोळवत होते. सवयच ती. सहावीच्या पोरांना मी पुरुषवाचक सर्वनामं शिकवते: मी, तू, तो. जनाबाईचा अभंग अख्खा 'तू'मध्ये आहे. 'तुझी', 'तुझे', 'तुला'. नामदेवांचा 'पतितपावन नाम ऐकुनी आलो मी द्वारा, पतितपावन नव्हेसी म्हणूनि जातो माघारा' हाही 'तू'मध्येच. जातो म्हणून दारातून बजावणारा माणूस अजून दारातच आहे. चाचांचं म्हणणं तेच होतं आणि नारदांच्या 'एव'चा रोख तोच. शिवी असो, सवाल असो, समोरच्याला 'तू' म्हटलं की ती प्रार्थनाच.

हा नियम मला इतका आवडला की खर्ड्यापर्यंत मी तो मनातल्या मनात वर्गात शिकवूनही टाकला. मग तुकोबा आठवले आणि नियम मोडला.

'माझे लेखी देव मेला । असो त्याला असेल ॥' ज्याला असेल त्याला असो, माझ्यापुरता मेला. इथे 'तू' कुठेच नाही. पुढे तर सरळ म्हणतात, 'गोष्टी न करी नाव नेघे । गेलो दोघे खंडोनी ॥' त्याच्या गोष्टी करणार नाही, नाव घेणार नाही, आमचं दोघांचं तुटलं. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात या माणसाची एक बायको अन्न अन्न करत मेली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. त्याच्या तोंडच्या या ओळींना प्रेमकलह म्हणायची माझी हिंमत नाही. पण हा अभंग कुणी गाथेतून काढून टाकला नाही. ज्याला त्या वेळी 'तू' म्हणणंही जमलं नाही, त्याचं न जमणंही वारकऱ्यांनी पाठ करून ठेवलं. रायमोह्यापर्यंत मी होते ती तिथेच होते, तेव्हा मला हे बरं वाटलं.

परांड्याच्या पुढे एका मुक्कामाला विणेकऱ्यांनी काकड्यानंतर, कुणी न सांगता, चोखोबांच्या मुलाचा, कर्ममेळ्याचा अभंग म्हटला:

आमुची केली हीन याती । तुज का न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टे खाता । लाज न ये तुमच्या चित्ता ॥
आमचे घरी भात दही । खावोनी कैसा म्हणसी नाही ॥
म्हणे चोखियाचा कर्ममेळा । कासया जन्म दिला मला ॥

यात शिवी एकही नाही आणि जनाबाईच्या शिव्यांपेक्षा हा जड आहे. जनाबाईला देव दळू लागतो, अशी निदान कथा तरी आहे. कर्ममेळ्याच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिल्याची कथा नाही. देव आमच्या घरी भात-दही खाऊन गेला आणि आता ओळख नाकारतो, असा हा रोकडा आरोप आहे. मला त्यातलं 'तुमच्या' अडलं. आधी 'तुज', मग एकदम 'तुमच्या चित्ता'. आदरार्थी असेल, छंदासाठीही असेल. पण मी तो असा वाचते की इथे देवाबरोबर त्याच्याभोवतीचे सगळे उभे केलेत. उष्टं खायला लावणारं आभाळातून पडलेलं नव्हतं. पंढरीच्या देवळात दलितांना जाता यावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, म्हणजे कर्ममेळ्याच्या सवालाला सहाशे वर्षं माणसांनीही उत्तर दिलं नव्हतं. विजेचं तसं नाही. वीज कुणी पाडली नाही. माझ्या रागाला तिथे 'तुमच्या' म्हणायला माणूस नव्हता, म्हणून मी घरातलाच एक शोधला होता.

पंढरपुरात दर्शनाची रांग बघूनच आक्का म्हणाली, "कळस दिसला, झालं माझं." आम्ही महाद्वारात नामदेव पायरीशी आलो आणि समोरच्या चोखोबांच्या समाधीपाशी थांबलो. मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत अंगावर पडून गेला तो माणूस. त्यालाही आत घेतलं नव्हतं. गर्दी मागून रेटत होती. मी पिशवीतून दादाचे टाळ काढले आणि तोंडात आलं ते बोलले. इथे लिहिण्यासारखं नाही. एक-दोन शब्द आईच्या तोंडचे होते, बाकीचे माझे. शेजारचा एक वारकरी दचकला आणि मग पुढे बघून टाळ वाजवू लागला. वर काही झालं नाही. ऊन तसंच होतं.

संध्याकाळी वाळवंटात जागा मिळाल्यावर आईला फोन लावला.

"झालं दर्शन? काय मागितलंस?"

"मागितलं नाही. भांडले."

"काय म्हणला?"

"काही नाही."

"हं," आई म्हणाली. "फराळ केलास का? उद्या बारस आहे, उपास सोडून मगच निघ."

"आई, वहिनी जवळ आहे का?"

"चुलीपाशी आहे. का गं?"

"दे तिला."