नुसतं ‘बरं.’

“एवढंच उत्तर आलंय, ‘बरं.’ चिडला असेल का हो?”

तो एक मेसेज मला दाखवू नका, त्याच्या वरचे चाळीस दाखवा.

आमच्या दादाला मी एकदा कळवलं, ‘या रविवारी यायला जमणार नाही, सोमवारी ऑडिट आहे.’ उत्तर आलं: ‘बरं.’ संध्याकाळभर ते ‘बरं’ माझ्या डोक्यात घुमत होतं. वहिनीला फोन लावणार, एवढ्यात आमचे जुने मेसेज वर सरकवत गेले. चाळीसातले एकतीस एक-दोन शब्दांचे. ‘पोचलो.’ ‘पाठवले.’ माझ्या वाढदिवशीसुद्धा ‘शुभेच्छा.’ आणि सगळीकडे पूर्णविराम. मराठी ३०, मराठी ४० अशा टायपिंगच्या परीक्षा दिलेला माणूस तो. वाक्य उघडं सोडणं त्याला जमतच नाही.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या एका अभ्यासात एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की ते विद्यार्थ्यांना कमी मनापासूनचं वाटलं होतं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं, तर तसं वाटलं नाही. पण ती मुलं कुणा अनोळखी माणसाचं उत्तर वाचत होती. आपल्याकडे दादाची अख्खी वही असते.

ती वही चाळताना एक पथ्य पाळा: सारख्याला सारखं लावा. फॅमिली ग्रुपवरचा दादा वेगळा, दुपारी ऑफिसातून लिहिणारा वेगळा. म्हणून मी आधी कधी येणं रद्द केलं होतं तेवढंच शोधलं. दोनदा केलं होतं. एकदा ‘बरं.’, एकदा ‘चालेल.’ आणि तो खरंच चिडला होता, आईच्या औषधांवरून, तेव्हा मेसेज नव्हताच. थेट फोन आला होता. त्याचा राग लिहिण्यात उतरतच नाही. हे कळल्यावर मी जेवले.

नव्याने ओळख झालेल्या माणसाचे मेसेज जेमतेम पाच-सहा असतात. तिथे ‘बरं’चा अर्थ लावूच नये.

उलटंही होतं. माझी एक मैत्रीण एक गोष्ट पाच मेसेजमध्ये सांगते, ‘अगंऽऽ’ने सुरुवात करून. तिच्याकडून सलग तीन दिवस ‘हो’, ‘ठीक’, ‘बघते’. एकच मेसेज असता तर सोडून दिलं असतं; पण लांबी, ‘अगं’, आपणहून विषय काढणं, तिन्ही एकदम गेलं होतं. हा बदल खरा होता. मात्र बदल झालाय एवढंच त्यावरून कळतं, कशामुळे ते नाही. ‘माझं काही चुकलं का?’ असं विचारलं असतं, तर तिला मलाच समजावत बसावं लागलं असतं. म्हणून लिहिलं, ‘तीन दिवस फार थोडक्यात आटपतेयस, सगळं बरं ना?’

व्हॉइस मेसेज आला. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, डाव्या अंगठ्याने टाइप करत होती. सुरुवात अर्थात ‘अगंऽऽ’ने.