अर्जाचा शेवटचा पॅरा

मला एक खोड आहे, कुणाचाही अर्ज हातात आला की मी आधी खाली बघतो. शिक्षण, अनुभव सगळं नंतर. माणूस निरोप कसा घेतो त्यावरनं बरंच कळतं.

लहानपणी वडिलांबरोबर कलेक्टर कचेरीकडं जायचो तेव्हा बाहेर झाडाखाली टायपिंगवाले काका बसलेले असायचे. दोन कागदांच्या मधे कार्बन, मशीनची खटखट, आणि अर्ज रेशनचा असो की सातबाऱ्याचा, शेवट ठरलेला: "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. तसदीबद्दल क्षमस्व." काका ते न बघता टाइप करायचे, तोंडात पान आणि नजर रस्त्यावर. सरकारी कागदाला ते चालून जायचंही, पण नोकरीच्या अर्जातपण आपण अजून तसंच वाकतो.

परवा दुपारी कडक उन्हात भाची आली, पुण्यातल्या एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी अर्ज करत होती. "मामा, बघा की जरा." शेवटी लिहिलेलं, "मला या नोकरीची खूप गरज आहे, कृपया एक संधी द्या, आपली आजन्म ऋणी राहीन." म्हटलं अगं, गरज तुझी, त्यांनी त्याचं काय करायचं? आणि पगार देणार म्हणजे काय उपकार करणार आहेत होय? मग तिनं रागानं दुसरं टोक गाठलं, "मी सोमवारी फोन करून मुलाखतीची वेळ ठरवेन." आता हे म्हणजे पाहुण्यानंच जेवणाचा बेत सांगितल्यासारखं झालं.

आणि वर "अनुकूल उत्तराबद्दल आगाऊ आभार" होतंच. हे मला सगळ्यात खटकतं. दिसायला गोड, पण आत वसुली आहे, समोरच्यानं अजून काहीच केलेलं नाही आणि आपण पावती फाडून मोकळे. त्यानं एवढंच केलंय की अर्ज शेवटपर्यंत वाचलाय, मग आभार तेवढ्याचेच मानायचे.

शेवटी तिनं असं लिहिलं: "अर्ज वाचल्याबद्दल आभार. मुलाखतीसाठी मी मंगळवार ते शुक्रवार कधीही येऊ शकते. सोलापूरहून यायचं असल्यामुळे दोन दिवस आधी कळवलंत तर सोयीचं होईल, ऑनलाइन मुलाखतही चालेल. फोन नंबर खाली दिला आहे." बस, चार वाक्यं. गरजेचा उल्लेख नाही, तारीख त्यांची त्यांनी ठरवायची, आपण फक्त आपली मोकळी वेळ सांगायची. दोन दिवसांचं लिहायला ती घाबरत होती, नखरे वाटतील म्हणून. मी म्हटलं राहू दे, नाहीतर संध्याकाळी फोन येणार, उद्याच या म्हणून, आणि तू हुतात्मा एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात उभी राहून जाणार. अंतर खरंय, ते सांगण्यात कसला नखरा.

"मिळेल का पण मामा?" म्हणाली. आता ते शेवटच्या पॅरावर थोडंच असतंय, टॅली येतं का ते बघतील की.