दोन वळशांचे गणित आणि मधल्या नळातून उलटे वाहणारे पाणी

तालुक्याच्या एका गावाच्या पाणीवाटपाचे काम माझ्याकडे असताना पूर्वेकडच्या वस्तीतून सतत एकच तक्रार येत असे, ती म्हणजे पहिल्या मजल्यावर पाणी चढत नाही. नवी नळवाहिनी टाकावी, असा प्रस्ताव जवळजवळ तयार होता. त्यावर सही करण्यापूर्वी जुन्या जाळ्यातून मुळात किती पाणी कोणत्या वाटेने जायला हवे, हे एकदा हाताने मांडून पाहावे असे मला वाटले, आणि त्या दिवसाची सकाळ मी त्या आकडेमोडीला दिली.

जाळे छोटे होते. उंच टाकीखालच्या अ या ठिकाणाहून सेकंदाला ६० लिटर पाणी निघते. वरच्या रस्त्याने ते अ-ब-क असे जाते आणि खालच्या रस्त्याने अ-फ-इ-ड असे. क आणि ड एका उभ्या नळाने जोडलेले आहेत, तर ब आणि इ यांना जोडणारा नळ जाळ्याच्या बरोबर मधून जातो, म्हणून अ-ब-इ-फ आणि ब-क-ड-इ असे दोन वळसे तयार होतात. नकाशावर आडवे दिसणारे नळ प्रत्येकी ४०० मीटरचे, उभे दिसणारे ३०० मीटरचे. अ-फ आणि फ-इ २५० मिलिमीटर व्यासाचे, अ-ब, ब-क आणि इ-ड २०० चे, आणि उरलेले दोन, म्हणजे ब-इ आणि क-ड, १५० चे. सगळे जुने बिडाचे असल्यामुळे, नळातल्या घर्षणाचा हिशेब करणाऱ्या हेझन-विल्यम्स सूत्रातला गुणांक मी १०० धरला. पाण्याची मागणी सेकंदाला ब, ड आणि इ येथे अनुक्रमे १२, १६ आणि १२ लिटर, तर क आणि फ येथे १०-१० लिटर.

अशा जाळ्यात प्रवाह थेट काढता येत नाहीत, कारण हेड लॉस, म्हणजे घर्षणामुळे होणारी आणि पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये मोजली जाणारी दाबातली घट, प्रवाहाच्या १.८५२ व्या घाताने वाढतो आणि समीकरणे सरळ राहत नाहीत. इलिनॉय विद्यापीठातील स्थापत्याचे प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी १९३६ मध्ये मांडलेली रीत येथे उपयोगी पडते. आधी प्रत्येक चौकात आलेले पाणी आणि गेलेले पाणी जुळेल असे कोणतेही प्रवाह धरायचे. मग प्रत्येक वळशाभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत हेड लॉसची बेरीज करायची, उलट दिशेच्या प्रवाहाचा लॉस ऋण धरायचा. बेरीज शून्य आली नाही, तर वळशातल्या प्रत्येक नळाला एकच दुरुस्ती द्यायची, त्यात h हा नळातला लॉस, Q त्यातला प्रवाह आणि Σ म्हणजे वळशातल्या सगळ्या नळांची बेरीज:

```
ΔQ = −Σh / (1.852 × Σ|h/Q|)
```

एकाच वळशातल्या सर्व नळांना तीच दुरुस्ती दिल्यामुळे प्रत्येक चौकाचा हिशेब आपोआप जुळलेला राहतो. या रीतीचे खरे सौंदर्य मला नेहमी इथेच वाटते.

मी दोन्ही रस्त्यांना सारखे म्हणजे ३०-३० लिटर पाणी दिले आणि मधल्या नळातून ब कडून इ कडे ४ लिटर जातात असे धरले. पहिल्या वळशात अ-ब चा लॉस ३.२३ मीटर आणि ब-इ चा ०.२४ मीटर आला. विरुद्ध बाजूस फ-इ चा ०.५२ आणि अ-फ चा ०.८२ आला. म्हणजे २.१४ मीटर शिल्लक राहिले आणि दुरुस्ती उणे ५.२५ लिटर निघाली. दुसऱ्या वळशात केवळ ०.२० मीटर शिल्लक होते, तेथील दुरुस्ती उणे ०.४७. मधला नळ दोन्ही वळशांत आहे, म्हणून त्याला दोन्ही दुरुस्त्या लागतात, पण दुसऱ्या वळशाची दुरुस्ती उलट चिन्हाने, कारण त्या वळशातून फिरताना तोच नळ उलट दिशेने ओलांडला जातो. त्यामुळे ४ मधून ५.२५ वजा आणि ०.४७ अधिक केल्यावर उणे ०.७८ उरले. मधल्या नळाची दिशाच फिरली होती. असे ऋण चिन्ह आले की नवख्या माणसाला गणित बिघडल्यासारखे वाटते आणि तो चिन्ह पुसून टाकतो. वास्तविक तो आकडा तसाच पुढे न्यायचा असतो, फक्त पुढच्या फेरीत त्या नळाचा लॉसही उलट चिन्हाने मांडायचा.

दुसऱ्या फेरीत दुरुस्त्या उणे १.१४ आणि उणे ०.९४ आल्या, तिसरीत उणे ०.०८ आणि उणे ०.१४, आणि तेथे मी थांबलो. अ-ब मधून २३.५ लिटर, अ-फ मधून ३६.५, आणि मधल्या नळातून इ कडून ब कडे जेमतेम ०.९ लिटर. अ पासून ब पर्यंत २.०६ मीटर हेड जाते आणि अ पासून इ पर्यंत २.०४, म्हणजे या दोन चौकांत दाब जवळजवळ सारखाच असायला हवा. एवढ्याशा फरकावर मधल्या नळाची दिशा ठरते आणि मागणीत थोडाफार बदल झाला तरी ती फिरू शकते, म्हणून त्या ०.९ लिटरवर मी फार भिस्त ठेवली नाही. ब आणि इ सारखे असणे, ही मात्र तपासता येण्याजोगी गोष्ट होती.

संध्याकाळच्या पाण्याच्या वेळेला व्हॉल्व्हमनला सोबत घेऊन मी गेज लावत फिरलो आणि जमिनीच्या पातळीतले फरक वजा केले. ब चा दाब अ पेक्षा सुमारे ५ मीटर कमी होता, इ चा सुमारे ६.५ मीटर, आणि फ चाही तितकाच. म्हणजे पाणी ब कडून इ कडे जोराने वाहत होते, गणिताच्या नेमके उलट. ५ मीटर लॉसवरून अ-ब चा प्रवाह उलटा काढला, तो ३८ लिटरच्या आसपास आला. टाकीखालचे मीटर त्या वेळी ५८ लिटर दाखवत होते, म्हणजे अ-फ मधून फक्त २० लिटर जात होते. स्वच्छ २५० च्या नळात २० लिटरला ३०० मीटरमध्ये ०.४ मीटरही लॉस होत नाही, आणि येथे साडेसहा मीटर गेले होते. फ आणि इ मध्ये गेजला दिसेल एवढा फरकच नव्हता, त्यामुळे अडथळा अ आणि फ यांच्यामध्येच होता, आणि त्या टप्प्यात एकच स्लुइस व्हॉल्व्ह, म्हणजे आटे फिरवून आतला पडदा वर-खाली करण्याचा व्हॉल्व्ह, होता.

चेंबर गाळाने भरलेला होता. तो उपसून व्हॉल्व्हमनने किल्ली लावली आणि म्हणाला, “साहेब, हा तर जवळजवळ बंदच आहे.” कधीतरी गळती दुरुस्त करताना तो बंद केला गेला असावा आणि नंतर पाणी येऊ लागले एवढे पाहून थोडेसे आटे फिरवून सोडला असावा. स्लुइस व्हॉल्व्हची खोड अशी की तो अर्धा बंद असला तरी या प्रवाहाला पंधरा-वीस सेंटिमीटरच्या आतच लॉस देतो आणि तो गेजवर दिसतही नाही. शेवटच्या थोड्या आट्यांत मात्र तो एकदम गळा आवळतो. म्हणूनच केवळ ‘पाणी चालू आहे’ यावरून तो उघडा आहे असे म्हणता येत नाही.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा गेज लावले. ब आणि इ दोन्ही अ पेक्षा सुमारे २ मीटर खाली होते आणि फ एक मीटरच्या थोडे पुढे. ड कडे चार मीटरच्या आसपास दाब वाढला होता. आकडे एवढे जुळले तरी क्रॉसच्या रीतीत मागणी ठरलेली धरली जाते, प्रत्यक्षात दाब वाढला की घरोघरचे नळही जास्त पाणी सोडतात, त्यामुळे महिनाभर मी टाकीखालच्या मीटरची नोंद रोज घ्यायला लावली आणि नव्या वाहिनीचा प्रस्ताव तोवर बाजूला ठेवला. अ-फ व्हॉल्व्हचे एकूण आटे मोजून नोंदवहीत लिहिले, आणि दुरुस्तीनंतर तितकेच आटे उघडल्याची सही व्हॉल्व्हमनने करायची, असा नियम घातला.