डबल एल

आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या सरावात रेकॉर्डिंगमधून "डबल" ऐकलं आणि भाचीच्या पेन्सिलीने डब्ल्यू काढायला घेतला! आडनाव होतं मॅलरी: एम, ए, डबल एल, ओ, आर, वाय. ती खोडेपर्यंत ओ, आर निघूनही गेले.

आयईएल्ट्सच्या लिसनिंगमध्ये रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, आणि स्पेलिंग चुकलं की गुण गेला. म्हणून "डबल" आलं की हात रोखायचा, पुढचं अक्षर कानावर पडलं की तेच दोनदा लिहायचं.

रेकॉर्डिंगमधल्या फोनवरच्या निरोपाच्या शेवटी बाई म्हणाली, "गुरुवारी या... नाही, गुरुवारी बंद असतं, शुक्रवारी." भाचीने गुरुवार लिहून पेन्सिल ठेवलीसुद्धा होती.

"मावशी, ही आधीच नीट का नाही सांगत?"

अगं, मुद्दामच. पहिला वार हे आमिष असतं. आणि फोनवर आपण तरी कुठे एका दमात नीट सांगतो?