भुसावळ ते बंगळुरू: आवाज न सोसणाऱ्या मुलाला घेऊन विमानतळावरून जाताना

आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे आणि अचानक होणारा आवाज त्याला सोसत नाही. कुकरची शिट्टी होणार असे आधी सांगितले तर तो कान झाकून उभा राहतो. न सांगता झाली तर पलंगाखाली जाऊन बसतो आणि अर्धा तास बाहेर येत नाही. गेल्या हिवाळ्यात त्याच्या मामाकडे बंगळुरूला जायचे ठरले, तेव्हा पहिली काळजी विमानाची नव्हती, विमानतळाची होती. जळगावहूनही लहान विमाने सुटतात, परंतु आमच्या सुट्टीच्या दिवसांत सोयीचे विमान नव्हते, म्हणून भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबई आणि तेथून विमान असा बेत केला. जाताना काय चुकले आणि येताना काय जमले, ते अशाच मुलांच्या पालकांसाठी लिहून ठेवत आहे.

तयारी तीन आठवडे आधी सुरू केली. भुसावळ जंक्शन घरापासून जवळ असल्याने तीन रविवारी त्याला फलाटावर नेले. पहिल्या रविवारी ध्वनिवर्धकापासून सर्वांत दूरचा बाक निवडला आणि दहा मिनिटांत परत आलो, दुसऱ्या रविवारी वीस मिनिटे बसलो, तिसऱ्या रविवारी पुलाजवळ आलो. घोषणेच्या आधी जी छोटी धून वाजते, तिच्याकडे त्याचे लक्ष वेधणे हा या सरावाचा खरा हेतू होता; धून वाजली की आता माणूस बोलणार, तेव्हा कानांवर हात ठेवायचे, एवढा संबंध त्याच्या मनात बसला. आवाजाची पूर्वसूचना मिळाली की त्याची भीती निम्मी होते, हे आम्हाला कुकरने आधीच शिकवले होते.

विमानतळावर मात्र अडचण वेगळी निघते. मुंबईत आता प्रत्येक विमानाची घोषणा सगळीकडे होत नाही, प्रवाशांनी फलकावर पाहायचे असते. पण ज्या गेटवरून विमान सुटते तेथील कर्मचारी शेवटच्या प्रवाशांना बोलावण्यासाठी मायक्रोफोन वापरतात आणि त्या शांततेत तो आवाज अधिकच दचकवतो. म्हणून आम्ही गेटच्या समोर बसलो नाही. दोन गेट सोडून, जेथून फलक दिसेल पण मायक्रोफोनचा आवाज बोथट होऊन येईल, अशा भिंतीलगतच्या खुर्च्या शोधल्या आणि आमच्यापैकी एकाने दर दहा मिनिटांनी फलक पाहून यायचे असे ठरवले.

प्रवासाचा क्रम त्याला चित्रांतून दाखवला. सात कार्डे केली: दारावर तिकीट दाखवणे, मोठी बॅग देणे, ट्रेमध्ये सामान ठेवणे, धातू शोधणाऱ्या चौकटीतून चालणे, बसून राहणे, विमानात चढणे, खुर्चीत बसणे. प्रत्येक टप्पा झाला की ते कार्ड उलटे करून पिशवीत टाकायचे. कार्डांवर वेळ लिहायची नाही, हे आम्ही फार जाणीवपूर्वक पाळले, कारण दहा वाजता असे सांगितले आणि दहा वाजून पाच मिनिटे झाली तर त्याच्या दृष्टीने सगळे बिघडलेले असते. त्याशिवाय चित्र नसलेली तीन कोरी कार्डे बरोबर घेतली होती. त्यांवर फक्त ‘अजून थांबायचे’ असे लिहिले होते आणि ती घरीच ओळखीची करून दिली होती. येताना विमानाला एक तास दहा मिनिटे उशीर झाला, तेव्हा तीन कोऱ्या कार्डांपैकी दोन लागली. प्रत्येक कार्डाबरोबर त्याच्या आवडीचे केळ्याचे वेफर्स आणि एक ठरलेले कोडे असा एकच क्रम ठेवला होता, त्यामुळे उशीर हासुद्धा त्याच्यासाठी यादीतलाच एक टप्पा ठरला.

आता सुरक्षा तपासणीकडे वळते, कारण आमचा सगळा त्रास तेथेच झाला. मुलगा गर्दीत कानांवर इअरमफ घालतो, म्हणजे बॅटरी नसलेले, कान पूर्ण झाकणारे संरक्षक. त्यांच्या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो. परंतु त्याच्या इअरमफला डोक्यावरून जाणारी धातूची पट्टी आहे, ते घालून चौकटीतून जाता येत नाही, काढून ट्रेमध्ये ठेवावेच लागतात. याचा अर्थ असा, की ट्रे एकमेकांवर आदळत आहेत, चौकट वाजत आहे, जवान पुढच्या माणसाला हाका मारत आहेत, आणि नेमक्या त्याच मिनिटाला मुलाचे कान उघडे पडतात. जाताना आम्ही त्याचे इअरमफ त्याच्या बाबांच्या पिशवीबरोबर एकाच ट्रेमध्ये ठेवले. त्या पिशवीत पॉवर बँक राहून गेली होती, ती वेगळी काढून ठेवायची असते, त्यामुळे तो ट्रे पुन्हा तपासणीसाठी बाजूला गेला. चूक आमचीच होती. मुलगा चौकटीतून सुखरूप पलीकडे आला, पण त्याचे इअरमफ चार-पाच मिनिटे सामानाच्या सरकत्या पट्ट्याच्या पलीकडे अडकले होते. तो जमिनीवर बसला, कपाळ गुडघ्यांवर आपटू लागला, आणि त्याला शांत व्हायला पाऊण तास लागला. हातात दोन तास होते म्हणूनच विमान मिळाले.

येताना आम्ही तीन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे फोमचे इअरप्लग. ते पिळून कानात घातले की फुगतात, त्यांत धातू नसतो, म्हणून चौकट वाजत नाही. मुलाला कानात काही घातलेले सुरुवातीला आवडत नव्हते, म्हणून मामाच्या घरी आठ दिवस रोज संध्याकाळी, आधी एका कानात आणि नंतर दोन्हींत, असा सराव घेतला. रांगेत शिरण्यापूर्वी प्लग घातले आणि त्यावर इअरमफ घातले, म्हणजे इअरमफ काढले तरी एक थर कानांत राहिला. तपासणी करणाऱ्या जवानाला आधीच सांगावे, “दादा, हा स्वमग्न आहे, कानात कापसासारखे प्लग आहेत, हाक मारली तर ऐकू येणार नाही, मी त्याला हाताने दाखवतो.” अचानक ओरडून सांगितल्यास मूल घाबरते आणि जवानाला ते उद्धटपणाचे वाटू शकते, म्हणून हे आधी बोलणे महत्त्वाचे आहे.

दुसरा बदल क्रमाचा होता. तपासणीत स्त्रियांची रांग वेगळी असते आणि अंगझडती पडद्याआड स्त्री कर्मचारी करते, त्यामुळे मी आणि मुलगा एका रांगेत नव्हतो. तो बाबांबरोबर होता. येताना माझी पाळी जवळ आली तेव्हाच बाबांनी इअरमफ माझ्या हातात दिले, मी ते वेगळ्या ट्रेमध्ये ठेवून पुढे गेले, आणि मुलगा चौकटीत पाऊल ठेवेपर्यंत मी पलीकडे ते हातात धरून उभी होते. त्याला समोर मी दिसत होते आणि माझ्या हातात इअरमफ दिसत होते, म्हणजे कुठे पोहोचायचे आहे ते त्याला कळत होते. इअरमफ मुलाच्या मागे न राहता त्याच्या आधी पलीकडे गेले पाहिजेत, ही एकच गोष्ट सांगण्यासाठीसुद्धा मी हे लिहिले असते. त्याच्या कपड्यांतही धातू ठेवला नव्हता: नाडीची पँट, बटण नसलेला सदरा, साध्या चपला.

तिसरी गोष्ट घरी करण्याची आहे. चौकटीतून गेल्यावर प्रत्येकाला एका छोट्या चौथऱ्यावर उभे करून हातातील यंत्र अंगावरून फिरवले जाते. ते यंत्र कधी वाजते, कधी थरथरते, आणि कानाजवळून जाते. आम्ही लाटणे घेऊन पाटावर सराव केला: हात पसरायचे, समोरून लाटणे, मग वळायचे, मागून लाटणे, झाले. मोबाइलवर बीप वाजवून लाटणे फिरवले, प्रथम अगदी हळू आवाजात. त्याचे खेळण्यातले लाकडी इंजिन सामान तपासणाऱ्या यंत्रातून जाणार हेही त्याला पटत नव्हते, म्हणून दोन्ही बाजूंनी उघड्या खोक्यात ते ढकलून दुसऱ्या बाजूने बाहेर काढण्याचा खेळ पंधरा दिवस चालला. बाबांनी त्याच्या आधी तपासून घ्यावे आणि त्याने ते पाहावे, अशी विनंती केल्यास ती बहुतेक मान्य होते.

तिकीट काढल्यानंतर विमान कंपनीला कळवणे हा भाग कंटाळवाणा असला तरी टाळू नये. दिव्यांग प्रवाशाला मदत हवी असल्यास प्रस्थानापूर्वी किमान 48 तास आधी कळवायचे असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, जवळ असल्यास प्रत्येक टेबलावर नव्याने समजावून सांगावे लागत नाही. आमची एक अडचण अशी झाली, की फोनवर ‘मदत हवी’ एवढेच ऐकून नोंद व्हीलचेअरची झाली आणि विमानतळावर आमच्यासाठी खुर्ची उभी होती. बौद्धिक किंवा विकासात्मक दिव्यांगतेसाठी वेगळी खूण असते, डीपीएनए. तीच नोंदवली आहे ना, हे समोरच्याकडून वाचून घ्यावे. बंगळुरूच्या विमानतळावर, वरून न दिसणाऱ्या दिव्यांगतेची खूण म्हणून, सूर्यफुलाचे चित्र असलेली हिरवी गळ्यातील दोरी मिळते, दिल्लीलाही ती आहे. 2016 मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झालेली ही पद्धत आहे. ती दोरी पाहून कर्मचारी घाई करत नाहीत, परंतु तपासणीतून सूट मिळत नाही, आणि मुलालाही सूट मिळेल असे सांगू नये.

स्वच्छतागृहाबद्दल एक गोष्ट लिहायची राहू नये. हात सुकवण्याचे यंत्र आणि आपोआप सुटणारे पाणी या दोन्हींना मुले फार घाबरतात, आणि दोन्ही न सांगता सुरू होतात. आम्ही फ्लशच्या सेन्सरवर चिकटकागदाचा तुकडा लावला, काम झाल्यावर मुलाला बाहेर काढून तो काढला, आणि हात पुसायला घरचा पंचा वापरला.

शेवटी विमानात चढण्याचा प्रश्न राहतो. मदत मागितलेल्या प्रवाशांना बहुधा सर्वांत आधी चढवतात, आणि सुरुवातीला आम्हालाही ते बरे वाटले. परंतु मग मुलाला सामानाची दारे आपटत असताना अर्धा तास खुर्चीला बांधून बसावे लागते. येताना बाबा सामान घेऊन आधी गेले, आणि गेटवरील ताईंना सांगून मी व मुलगा सर्वांत शेवटी निघालो. विमानाला जोडलेल्या पुलावरून जायचे आहे की बसने, हे मी त्यांना आधीच विचारून घेतले होते, कारण बसचे कार्ड आमच्या सात कार्डांत नव्हते. बस होती, म्हणून खुर्चीवर बसल्या बसल्या शेवटच्या कोऱ्या कार्डाच्या मागे बसचे चित्र काढले, आणि त्याने ते स्वतः क्रमात मध्ये सरकवले.